जागा भरते तेव्हा फोटोंचं काय होतं?

गूगल फोटोज ही सेवा मे २०१५ मध्ये सुरू झाली. थोडे आकसलेले फोटो ठेवायला तयार असाल, तर हवे तितके फोटो फुकट ठेवा, अशी तिची अट होती. सहा वर्षं आपण सगळ्यांनी तसंच केलं. बारशी, वारी, शाळेची संमेलनं, आजीच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम, काढलेला प्रत्येक फोटो आपोआप वर जात होता आणि त्याचा हिशेब कोणी मागत नव्हतं. १ जून २०२१ पासून हिशेब सुरू झाला. त्या दिवसानंतर चढवलेला प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ, मूळ दर्जाचा असो की आकसलेला, खात्याच्या १५ जीबीत मोजला जातो. आधीची ‘हाय क्वालिटी’ तेव्हापासून ‘स्टोरेज सेव्हर’ या नावानं ओळखली जाते.

‘स्टोरेज फुल’ ही सूचना आज घरोघरी दिसते ती या बदलामुळे. ती दिसली की बहुतेक जण पहिला प्रश्न दर्जाचा विचारतात: आकसलेला फोटो खराब होतो का? प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर खाली दिलं आहे. पण माझ्या मते लोकांचे फोटो आकसल्यामुळे फारसे जात नाहीत. जागा भरल्यावर बॅकअप गुपचूप थांबतो आणि त्यानंतर घाईघाईत आवराआवर होते, फोटो जातात ते तेव्हा.

उदाहरणासाठी एक खातं घेऊ. साताऱ्यात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका आहेत असं समजा. आपण त्यांना बाई म्हणू. फोन अँड्रॉइडचा, मुलानं गेल्या वर्षी घेऊन दिलेला. फोटोंचा बॅकअप चालू आणि दर्जा ‘ओरिजिनल क्वालिटी’, म्हणजे फोनमध्ये जशी फाइल तयार झाली तशीच्या तशी वर जाणार. १५ जीबीपैकी १४ जीबी वापरलेले. बाईंना वाटतं, हे सगळे फोटोच असणार. प्रत्यक्षात फोटो आणि व्हिडिओ मिळून ७ जीबी आहेत. ४ जीबी व्हॉट्सअॅपचा बॅकअप आहे, २ जीबी जीमेल आणि १ जीबी ड्राइव्हमधल्या पीडीएफ आणि इतर फाइली. ही १५ जीबीची जागा सगळ्यांची मिळून एकच असते. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअप पूर्वी यात धरत नसत, आता धरतात. त्यामुळे बाईंच्या भिशीच्या ग्रुपवर आलेले व्हिडिओ त्यांच्या नातवाच्या फोटोंची जागा अडवून बसलेले असू शकतात.

आता घरात पुतण्याचं लग्न येतं. हळदीपासून सत्यनारायणापर्यंत बाईंच्या फोनवर दोनशे फोटो आणि अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे चोवीस व्हिडिओ निघतात. १२ मेगापिक्सेलचा साधा जेपेग फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. ४ एमबी धरले तर दोनशे फोटोंचे झाले ८०० एमबी. व्हिडिओंचा हिशेब वेगळा आहे. मुलानं फोन देताना ‘चांगलं दिसेल’ म्हणून कॅमेरा ४के वर लावून दिला होता. अशा व्हिडिओचं एक मिनिट अनेक अँड्रॉइड फोनवर साडेतीनशे एमबीच्या आसपास जातं. बारा मिनिटांचे झाले ४२०० एमबी. एकूण बेरीज ५ जीबी आणि शिल्लक जागा १ जीबी.

म्हणजे पाचातला एक जीबी वर जातो आणि चार जीबी फोनमध्येच राहतात. नेमके कोणते फोटो गेले आणि कोणते राहिले, हे बाईंना समोर दिसत नाही, कारण अॅपमध्ये दोन्ही प्रकारचे फोटो एकाच ओळीत, सारखेच दिसतात. वर गेलेला आणि न गेलेला फोटो ओळखण्याची एक खात्रीची रीत आहे. फोटो उघडायचा, बोटानं वर सरकवायचा आणि खाली येणारी माहिती वाचायची. बॅकअप झालेला असेल तर तसं लिहिलेलं असतं, शेजारी आकार आणि दर्जा असतो. नसेल तर बॅकअपचा उल्लेख नसतो किंवा आता करा असं बटण दिसतं. समारंभानंतर शेवटच्या दिवसाचे दोनतीन फोटो आणि सगळ्यात लांब व्हिडिओ असा तपासला, तर दोन मिनिटांत कळतं की बॅकअप चालू आहे की अडकला आहे.

बाईंनी आधीपासून स्टोरेज सेव्हर निवडलं असतं तर काय झालं असतं, ते पाहू. या पर्यायात १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो १६ वर आणला जातो आणि १०८०पी पेक्षा मोठा व्हिडिओ १०८०पी वर. बाईंचे फोटो १२ मेगापिक्सेलचेच आहेत, त्यामुळे त्यांची लांबीरुंदी बदलत नाही. जाहिरातीत ५० मेगापिक्सेल लिहिलेले बरेचसे फोनही रोजच्या वापरात चार चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात, हे इथे लक्षात घ्यायला हवं. तरीही फाइल लहान होते, कारण फोटो नव्यानं, अधिक घट्ट बांधला जातो.

हे घट्ट बांधणं कसं होतं, ते थोडं समजून घेतलं की निवड सोपी होते. जेपेग पद्धत फोटोचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनातल्या ठळक फरकांची नोंद नीट ठेवते आणि बारीक फरकांची नोंद ढोबळ करते. डोळ्याला रंगातले बारीक फरक उजेडातल्या फरकांइतके टिपता येत नाहीत, म्हणून रंगाची माहिती आणखी कमी ठेवली तरी चालतं. यातून जे गाळलं जातं ते बहुधा पैठणीच्या पदराचं विणकाम, लांबवरच्या झाडाची पानं, केसांच्या बटा अशा ठिकाणचं असतं. फोनच्या पडद्यावर फरक दिसत नाही. टीव्हीवरही सहसा दिसत नाही. अंधारात काढलेला फोटो नंतर उजळवायला घेतला, किंवा घोळक्यातला एकच चेहरा कापून मोठा केला, की मग सावलीत चौकोनी डाग आणि संध्याकाळच्या आभाळात पट्टे दिसू लागतात. आणि एकदा गाळलेलं परत येत नाही. सेटिंग पुन्हा ओरिजिनलवर नेलं तरी ते पुढच्या फोटोंना लागू होतं, आधी आकसून गेलेले तसेच राहतात.

छपाईच्या भाषेत सांगायचं तर १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४००० बाय ३००० बिंदूंचा फोटो इंचाला ३०० बिंदू या चांगल्या दर्जानं सव्वातेरा बाय दहा इंचांपर्यंत छापता येतो. लग्नाच्या अल्बमला आणि भिंतीवरच्या चौकटीला तेवढं पुरतं. म्हणून रोजच्या फोटोंसाठी मी स्टोरेज सेव्हर निःशंकपणे सुचवते. भारतात आणखी एक पर्याय दिसतो, ‘एक्स्प्रेस’. तो फोटो ३ मेगापिक्सेलवर आणि व्हिडिओ ४८०पी वर आणतो. ३ मेगापिक्सेलमधून त्याच दर्जाची छपाई पावणेसात बाय पाच इंचांच्या पुढे जात नाही. पावत्या, फळ्याचे फोटो, दुकानातली भावपत्रकं यांना तो ठीक आहे. माणसांच्या फोटोंना तो लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हिडिओंत तोटा मोठा असतो आणि बचतही मोठी असते. ४के च्या एका चौकटीत साधारण ८३ लाख बिंदू असतात, १०८०पी मध्ये २१ लाखांच्या आत. म्हणजे तपशील चौथ्या हिश्श्यावर येतो आणि वर घट्ट बांधणी होते ती वेगळीच. आकार त्याहून जास्त घसरतो, अनेकदा पाचव्या हिश्श्याच्याही खाली जातो. मिनिटाला ५० एमबी धरले तर बाईंच्या बारा मिनिटांचे होतील ६०० एमबी. फोटो निम्म्यावर आले तर ४०० एमबी. पाच जीबीचं लग्न एका जीबीत बसलं असतं, त्यांच्या उरलेल्या जागेत जेमतेम मावलं असतं.

स्टोरेज सेव्हर जिथे खरोखर नडतं अशी एक जागा आहे, आणि ती मराठी घरांत हमखास सापडते: जुन्या फोटोंचं स्कॅनिंग. समजा, १९६० च्या सुमारास स्टुडिओत काढलेला आठ बाय दहा इंचांचा कौटुंबिक ग्रुप फोटो कोणीतरी ६०० डीपीआयनं स्कॅन करून आणला. त्याचे बिंदू होतात ४८०० बाय ६०००, म्हणजे २८.८ मेगापिक्सेल. स्टोरेज सेव्हरमधून वर चढवला की तो १६ वर येतो आणि लांबी ६००० वरून साडेचार हजारांच्या आत जाते. अशा फोटोत चाळीस माणसं उभी असतात. प्रत्येक चेहरा अर्ध्या इंचाचा असेल तर मूळ स्कॅनमध्ये त्याच्या वाट्याला ३०० बिंदू आलेले असतात, आकसल्यावर २२३ उरतात. मागच्या रांगेतल्या पणजीचा चेहरा वेगळा काढून मोठा करायचा झाला तर हाच फरक अडतो. मूळ फोटो पिवळा पडत चाललेला असेल, तर तो पुन्हा तितका चांगला स्कॅन होईलच असं नाही. असे स्कॅन आणि छायाचित्रकाराकडून पेन ड्राइव्हवर मिळालेले मूळ फोटो अॅपच्या आपोआप बॅकअपवर सोडू नयेत. ते ड्राइव्हमध्ये फाइल म्हणून ठेवले तर जसेच्या तसे राहतात. जागा पूर्ण आकाराची लागते, पण असे फोटो मोजके असतात.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवून ठेवले म्हणजे फोटो जपले, ही समजूतही इथेच सोडून द्यायला हवी. नेहमीच्या रीतीनं पाठवलेला फोटो तिथे साधारण १६०० बिंदूंच्या लांबीवर येतो, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या आसपास. हा एक्स्प्रेसपेक्षाही लहान झाला. मूळ फाइल पाठवायची तर ती डॉक्युमेंट म्हणून जोडावी लागते.

आता बाईंच्या भरलेल्या खात्याकडे परत येऊ. १५ जीबी पूर्ण झाल्यावर पहिल्या दिवशी काही पुसलं जात नाही. जुने फोटो दिसत राहतात, उघडतात, उतरवूनही घेता येतात. थांबतं ते नवीन येणं. नवे फोटो वर जात नाहीत, ड्राइव्हमध्ये नवी फाइल होत नाही, व्हॉट्सअॅपचा बॅकअप अडतो आणि जीमेल बंद पडतं, पाठवण्यासाठीही आणि घेण्यासाठीही. बाईंना आलेली मेल पाठवणाऱ्याकडे परत जाते. बाईंना ती कधी आली होती हेसुद्धा कळत नाही. बँकेचं पत्र असो, विम्याची नोटीस असो की नातवाच्या प्रवेशाचा निरोप, फोटोंनी भरलेल्या जागेमुळे तो हुकतो. फोटोंची जागा संपली म्हणून पत्रं थांबतील, असं कोणाच्या मनात येत नाही, म्हणून कारण शोधण्यात दिवस जातात.

यानंतर येतो तो धोक्याचा टप्पा. बाई मुलाला फोन करतात. मुलगा पुण्याहून सांगतो, “आई, फोटो सगळे गूगलवर आहेत गं, फोनमधले काढून टाक.” तो मनापासून सांगतो आणि एरवी ते बरोबरही असतं. पण आत्ता लग्नाचे चार जीबी गूगलवर नाहीत. शिवाय फोनमधले काढून टाकल्यानं गूगलच्या खात्यातली जागा मोकळी होत नाही, कारण या दोन वेगळ्या जागा आहेत. फोनची मेमरी १२८ जीबीची असेल, खातं १५ जीबीचं आहे आणि दोन्हींच्या ‘भरलं’ म्हणणाऱ्या सूचना जवळजवळ सारख्याच दिसतात. कोणती जागा भरली आहे हे आधी वाचून घेणं, ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची पायरी.

काढून टाकण्याच्या रीतीही दोन आहेत आणि त्यांचे परिणाम उलट आहेत. अॅपमध्ये ‘फ्री अप स्पेस’ नावाचं बटण आहे. ते फक्त बॅकअप झालेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती काढतं, वरच्या प्रतींना हात लावत नाही आणि बॅकअप न झालेल्या फोटोंनाही नाही. ते वापरलं असतं तर लग्नाचे अडकलेले चार जीबी सुरक्षित राहिले असते. पण बाईंनी गूगल फोटोजमध्येच फोटो बोटानं निवडले आणि डस्टबिनचं चिन्ह दाबलं, तर बॅकअप झालेला फोटो फोनमधून आणि खात्यातून असा दोन्हीकडून जातो. गूगल फोटोज हा फोटोंचा आरसा आहे, दुसरी पेटी नाही. बॅकअप झालेला फोटो बिनमध्ये ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. त्या मुदतीत तो परत आणता येतो, नंतर नाही. आणि बिनमध्ये पडलेले बॅकअपचे फोटो जागा खातच असतात. त्यामुळे पुसूनही आकडा हलत नाही, म्हणून माणूस आणखी पुसतो आणि शेवटी बिन रिकामं करतो. परतीचा रस्ता तिथे बंद होतो.

फ्री अप स्पेसबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. दर्जा स्टोरेज सेव्हर असेल, तर वर आकसलेली प्रत असते आणि मूळ प्रत फक्त फोनमध्ये. बटण दाबलं की मूळ प्रत जाते आणि आकसलेली तेवढी उरते. रोजच्या फोटोंसाठी हे मान्य करता येतं. पण ते बटण दाबण्याच्या आधी वर्षातून एकदा फोन संगणकाला जोडून कॅमेऱ्याचं पूर्ण फोल्डर, ज्याचं नाव बहुधा DCIM असतं, हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं तर मूळ प्रतीही हाताशी राहतात.

बाईंचं खातं मोकळं करायचं तर सुरुवात फोटोंपासून करू नये. संगणकावर one.google.com/storage हे पान उघडलं की कोणी किती जागा घेतली ते दिसतं. तिथे व्हॉट्सअॅपचे चार जीबी दिसतात. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये, चॅट बॅकअपखाली, व्हिडिओ धरायचे की नाही हा पर्याय आहे. तो बंद करून नवीन बॅकअप घेतला की जुन्याच्या जागी लहान बॅकअप येतो. बाईंच्या बाबतीत चारचे दीड झाले असं धरू, म्हणजे अडीच जीबी सुटले. मग जीमेल. तिथल्या शोधाच्या जागी हे लिहायचं:

```
has:attachment larger:10M
```

दहा एमबीपेक्षा मोठ्या जोडण्या असलेल्या मेल समोर येतात. निवृत्तीच्या वेळच्या जुन्या पीडीएफ, कोणीतरी पाठवलेली दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं यांत अर्धा जीबी सहज निघतो. त्या पुसून जीमेलचं बिनही रिकामं करायचं. आता फोटोंची पाळी, पण तीही मोठ्या व्हिडिओंपासून. गूगल फोटोजच्या सेटिंग्जमधल्या ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये मोठे फोटो आणि व्हिडिओ, अस्पष्ट फोटो, स्क्रीनशॉट अशी गटवारी मिळते. खिशात चालू राहिलेला चार मिनिटांचा ४के व्हिडिओ एकटाच १.४ जीबी घेऊन बसलेला असतो. तो एक काढला की शेकडो फोटो वाचतात. सगळं मिळून साडेचार जीबीच्या आसपास जागा झाली आणि लग्नाचे अडकलेले चार जीबी आता मूळ दर्जात वर जाऊ शकतात. वाय-फायवर फोन चार्जिंगला लावून ठेवायचा आणि शेवटचा व्हिडिओ वर गेल्याची माहिती वाचूनच मग पुढचं काम करायचं. दर्जाचं सेटिंग त्याआधी बदललं, तर उरलेले व्हिडिओ आकसून जातील.

जागा करताना वाया जाणारा एक प्रयत्न मी फार घरांत पाहते. लोक २०१६, २०१७ चे जुने फोटो शोधून शोधून पुसतात. पण १ जून २०२१ च्या आधी हाय क्वालिटीत चढवलेले फोटो १५ जीबीत मोजलेच जात नाहीत. ते पुसून एक एमबीही सुटत नाही, जातात फक्त आठवणी. फोटोच्या माहितीतच लिहिलेलं असतं की तो खात्याची जागा घेत नाही. ज्यांनी त्या काळातही ओरिजिनल क्वालिटी निवडली होती, त्यांचे जुने फोटो मात्र मोजले जातात.

याच मॅनेज स्टोरेजच्या पानावर ‘रिकव्हर स्टोरेज’ असा एक पर्याय असतो. आधी मूळ दर्जात चढवलेले सगळे फोटो तो एका दमात स्टोरेज सेव्हरमध्ये आणतो. जागा बरीच सुटते, पण हे मागे घेता येत नाही आणि निवडक फोटो वगळताही येत नाहीत. मूळ प्रती दुसरीकडे उतरवल्याशिवाय हा पर्याय वापरू नये. उतरवण्याची सोय takeout.google.com वर आहे. तिथे फक्त फोटोज निवडायचे, बाकीच्या खुणा काढायच्या. काही तासांनी किंवा दिवसांनी झिप फाइलींचे दुवे मेलवर येतात. यातही गंमत नाही, थोडी चिकाटी लागते. प्रत्येक फोटोबरोबर json शेवट असलेली एक छोटी फाइल येते. अॅपमध्ये तुम्ही नंतर बदललेली तारीख किंवा लिहिलेली ओळ त्या फाइलीत असते, फोटोत नसते. कचरा समजून त्या पुसू नका. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना तुम्ही ‘१९६२’ अशी तारीख अॅपमध्ये दिली असेल, तर ती नेमकी तिथेच राहिलेली असते.

आता पैसे देण्याचा मार्ग. गूगल वनची १०० जीबीची योजना भारतात बरीच वर्षं महिना १३० रुपये किंवा वर्षाला १३०० रुपये या दरानं मिळत आली आहे. सवलती येत जात राहतात, म्हणून खरा आकडा स्वतःच्या खात्यात पाहावा. ही योजना कुटुंबातल्या आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येते. प्रत्येकाचे स्वतःचे १५ जीबी आधी वापरले जातात, मग सामाईक जागा. एकमेकांचे फोटो मात्र एकमेकांना दिसत नाहीत. बाईंच्या मुलानं स्वतःच्या योजनेत त्यांना घेतलं तर त्यांना वेगळं काहीच भरावं लागत नाही. रोज ४के व्हिडिओ न काढणाऱ्या घराला १०० जीबी बराच काळ पुरतात, आणि मग ओरिजिनल क्वालिटी ठेवायला हरकत नाही.

पण योजना घेतली की तिच्या थांबण्याचाही विचार करावा लागतो. समजा बाईंनी तीन वर्षांत ६० जीबी भरले आणि मग मुलाचं कार्ड बदललं, पैसे वळते झाले नाहीत आणि योजना संपली. खातं पुन्हा १५ जीबीवर येतं, आत ६० जीबी असतात. तेव्हाही लगेच काही पुसलं जात नाही. फोटो दिसतात, उतरवता येतात, फक्त सगळं नवीन अडतं, जीमेलसकट. मात्र खातं सलग दोन वर्षं मर्यादेबाहेर राहिलं, तर गूगलच्या धोरणानुसार जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोजमधला मजकूर काढून टाकला जाऊ शकतो. फक्त वरचे ४५ जीबी नव्हेत, सगळाच. त्याआधी किमान तीन महिने कळवण्याचा प्रयत्न करू, असं कंपनी सांगते. ज्या खात्याकडे कोणी पाहतच नाही, तिथे ती सूचना कोण वाचणार? शिवाय वेगळा नियम असा की दोन वर्षं कोणी वापरलंच नाही असं वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं. घरातलं माणूस गेल्यावर त्याचा फोन कपाटात ठेवला जातो, त्याच्या खात्यातल्या फोटोंच्या बाबतीत हा नियम लागू होतो. अशा खात्याचा पासवर्ड कोणाकडे असेल, तर त्याच महिन्यात टेकआउट घेऊन ठेवावं.

आयफोनवाल्यांची रचना थोडी वेगळी आहे. आयक्लाउडमध्ये फुकट ५ जीबीच मिळतात आणि आकसून ठेवण्याचा पर्यायच नाही, वर नेहमी मूळ प्रत जाते. ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ चालू असेल तर फोनमध्ये लहान प्रत राहते आणि मोठी वर. म्हणजे फोनमधला फोटो पाहून मूळ फाइल आपल्या हातात आहे असं समजू नये. जागा संपल्यावर तिथेही नवे फोटो अडतात आणि तिथेही आरशाचाच नियम लागू आहे, एकीकडे पुसला की सगळीकडे पुसला.

बाईंच्या घरी आता काय करायचं ते ठरवता येतं. लग्नाचा शेवटचा व्हिडिओ वर गेल्याचं पाहिल्यावर दर्जा स्टोरेज सेव्हरवर न्यायचा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ ४के वरून १०८०पी वर आणायचा, कारण वर आकसणारच असेल तर फोनची मेमरी तरी कशाला भरायची. पणजीच्या ग्रुप फोटोचा स्कॅन ड्राइव्हमध्ये फाइल म्हणून ठेवायचा आणि त्याची एक प्रत मुलाच्या हार्ड डिस्कवर. मुलगा दिवाळीला घरी येईल तेव्हा DCIM फोल्डर उतरवून घेईल आणि उतरवलेल्यांपैकी एखादा फोटो संगणकावर उघडून त्याचा आकार फोनमधल्या मूळ फाइलीशी ताडून पाहील. दोन्हीकडे ४.१ एमबी असतील तर प्रत जशीच्या तशी आली. एकीकडे ४.१ आणि दुसरीकडे १.८ दिसले, तर फोनमधली प्रत काढायच्या आधी ती पुन्हा, थेट केबलनं, उतरवून घ्यायची.